रात्रीच्या गाडीची कथा आणि ‘अजून किती तास’चं गणित

प्रश्न: मी एक कथा लिहिलीय. अमळनेरचा एक जण डायबेटिस असलेल्या वडिलांना घेऊन जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालाय, सकाळी मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरसाठी नंबर लावायचाय आणि वडिलांची उपाशीपोटी रक्ततपासणी आहे. तो रात्रभर घड्याळ बघून सकाळ व्हायला किती तास उरले ते मोजत राहतो. शेवटी दादरला उतरतात तेव्हा सूर्य उगवतो. वाचलेल्या दोघांनी सांगितलं की तिसऱ्यांदा मोजतो तिथे कंटाळा येतो. मोजणं कमी करू का? की घड्याळच काढून टाकू? खान्देशातलं कोणी लिहिणारं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर:

भाऊ, मी कथा लिहितो आणि दिवाळी अंकासाठी आलेल्या कथाही बरीच वर्षं वाचतोय, घर भुसावळचं त्यामुळे गाड्यांचे आवाज लहानपणापासून कानात बसलेत. म्हणून उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे की मोजणं काढू नका. घड्याळ काढलं तर तुमच्याकडे फक्त गाडीत झोप न लागलेला माणूस उरतो आणि तशा कथा ढिगाने येतात. वाचणाऱ्यांना कंटाळा आला तो मोजण्याचा नाही आला, दरवेळी तीच वजाबाकी आली म्हणून आला. साडेदहा वाजले, सात तास उरले. बारा वाजले, साडेपाच उरले. दीड वाजला, चार उरले. यात वाचकाला कळतं काय, तर वेळ पुढे चाललाय, आणि ते त्याला आधीपासून माहितीये.

एक टेस्ट सांगतो, मी हस्तलिखित वाचताना नेहमी करतो. तुमच्या कथेतला दुसऱ्या मोजणीचा परिच्छेद उचलून चौथ्याच्या जागी टाका आणि चौथ्याचा दुसऱ्याच्या जागी, फक्त आकडे तेवढे बदला. कथा तशीच चालली, कुठे काही खटकलं नाही, तर ते दोन परिच्छेद एकच आहेत, त्यातला एक काढा. खटकलं तर दोन्ही ठेवा. तुमची कथा मी बघितलेली नाही पण पैजेवर सांगतो की तीन परिच्छेद तरी असे अदलाबदल होतील.

आता किती वेळा मोजावं हे कथेच्या लांबीवर आहे, कथा विनोदी आहे का गंभीर त्यावर आहे, तुम्ही ‘मी’ने सांगताय का ‘तो’ने त्यावरही आहे. विनोदी कथेत तीच वजाबाकी दहादा चालते, तिथे कंटाळाच विनोद होतो. तुमची तशी दिसत नाही. बारा-पंधरा पानांची असेल तर पाच ठिकाणं पुरतात असं मी धरतो, पण प्रत्येक ठिकाणी गणितातलं काहीतरी बदललं पाहिजे, म्हंजे कशातून वजा करतोय ते, किंवा कुठल्या मापाने मोजतोय ते, किंवा कोणाला सांगतोय ते.

आणि यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही, तुमच्याच कथेत दोन घड्याळं आहेत. एक उलटं चालतंय, सकाळ व्हायला किती उरले. दुसरं सुलटं चालतंय, वडिलांनी शेवटचं खाल्लं त्याला किती तास झाले. तुम्ही प्रश्नात ‘उपाशीपोटी तपासणी’ एका ओळीत लिहून पुढे गेलात, माझ्या मते सगळी कथा तिथेच आहे. गाडी वेळेवर असेल तर ही दोन घड्याळं गुण्यागोविंदाने चालतात. गाडी लेट झाली की सकाळ ठरल्या वेळेलाच येणार, पण दादर मागे मागे सरकणार, आणि तिकडे उपासाचे तास वाढत जाणार. तुमच्या माणसाला एक मोठी वजाबाकी येते आणि तिच्या जिवावर तो रात्र काढायला बसलाय, ती वजाबाकी मधेच मोडते.

चला, करूनच बघू. गाडीचं नाव देऊ नका, वेळा अशा धरा म्हणजे हिशोब जुळेल. जळगावहून रात्री ९:५०ला सुटते, मनमाड १२:१०, इगतपुरी २:१०, कल्याण पावणेचार-चार, दादर ४:४५. वडिलांनी जेवण केलं साडेआठला, जळगावच्या प्लॅटफॉर्मवर, घरून आणलेली कळण्याची भाकरी. बारा तासांनी रक्त द्या असं डॉक्टरने सांगितलंय म्हणजे सकाळी साडेआठ. दादरला पावणेपाचला उतरून साडेपाचला रांगेत उभं राहिलं की आठला खिडकी उघडते तेव्हा पुढे फार माणसं नसतात. सगळं बसतंय. हे त्याने आठवडाभर आधी कागदावर मांडून ठेवलं असेल, असा माणूस आहे तो.

इथे एक बारीक गोष्ट पेरून ठेवा. धावपळीत वडिलांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि शुगरची गोळी मात्र पूर्ण घेतली, कारण मुलानेच हातावर ठेवली. याच्यावर काही बोलू नका, भाकरीचा उरलेला अर्धा फडक्यात परत बांधला एवढंच लिहा आणि पुढे चला.

पहिली मोजणी भादली-भुसावळकडची ठेवता येणार नाही, तो तर जळगावला बसलाय आणि गाडी उलट्या दिशेला चाललीये, हे सांगायचं कारण असं की बऱ्याच कथांत जळगावहून मुंबईला निघालेल्या गाडीला वाघूरचा पूल लागतो. आपल्याकडच्या वाचकाचा तिथेच विश्वास उडतो. तर पहिली मोजणी म्हसावद-पाचोऱ्याच्या मधे. दहा वाजून गेलेत, मधला बर्थ वर लावून झालाय, दिवे गेलेत, निळा दिवा राहिलाय. वडील खालच्या बर्थवर, ते विचारतात, “कितला वाजनात रे?” मुलगा बोटांवर मोजतो. आणि तो चुकतो. दहा ते पाच मोजताना बरेच जण दहालाच पहिलं बोट मिटतात, दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, झाले आठ. खरे तास सात. तो एक बोट उघडतो आणि एक तास कमी झाला म्हणून त्याला बरं वाटतं. कोणी काही केलेलं नाही, गाडी तेवढीच पळतेय, तरी एक तास वाचला! माणूस कसाय ते एवढ्यात कळतं, ‘तो फार काळजी करायचा’ असं वेगळं लिहायला नको.

आणखी एक इथेच सांगून टाकतो. वाजले किती आणि उरले किती, दोन्ही आकडे एका वाक्यात देऊ नका. ‘११:४० झाले होते, म्हणजे पाच तास पाच मिनिटं उरली होती’, असं लिहिलं की वाचकाला काही कामच राहत नाही, तो नुसता हिशोब तपासतो आणि पुढे सरकतो. एकच द्या. चाळीसगाव गेलं असं लिहा, धुळ्याकडं जाणारे उतरले, थंड वारा आत आला, उरलेले तास वाचक स्वतः काढेल कारण पहिला आकडा त्याच्या डोक्यात बसलाय. वाचक स्वतः मोजायला लागला की तो तुमच्या माणसाशेजारी बसला म्हणून समजा.

दुसरी मोजणी मनमाडच्या बाहेर. ही मला सगळ्यात आवडते म्हणून जरा थांबतो. गाडी १२:०५ला सिग्नलला उभी राहते. मनमाडला दौंडकडची लाइन येते, संभाजीनगर-नांदेडकडची येते, तिथे गाडी बाहेर ताटकळणं काही नवल नाही. आता उभ्या गाडीत घड्याळ बघून तो काय करणार, मिनिटं नुसतीच जळतायत. तर त्याला दुसरं माप द्या. रुळाकडेला विजेच्या तारांचे जे खांब असतात ना, त्यांच्यावर नंबरची पाटी असते, वरचा आकडा किलोमीटर आणि खालचा खांबाचा क्रम. आपल्या लाइनवर हे किलोमीटर मुंबईपासून मोजलेत. चालत्या गाडीतून रात्री ती वाचता येत नाही, पण उभ्या गाडीच्या खिडकीतून डब्याचा उजेड पडला तर दिसते. त्याला दिसतं 262/14. जळगाव साधारण ४२०वर आहे. म्हंजे मुंबईकडे जाणाऱ्या माणसाला खांबांवर उलटी मोजणी आयतीच लिहून ठेवलेली मिळते, आणि अर्ध्या रात्री त्याला ती सापडते.

मग तो भागाकार करतो. सव्वादोन तासांत १५८ किलोमीटर आलो, म्हणजे तासाला सत्तर. उरले २६२, म्हणजे पावणेचार तास. गाडी १:२०ला हलली तर पाचच्या आसपास पोचतो. अरे मग काय बिघडलं! तो खूश. वीस मिनिटांनीच तर उशीर.

पण कसाऱ्याचा घाट ज्याने बघितलाय त्या वाचकाला लगेच कळतं की हा गेला. जळगाव ते मनमाड सपाटी आहे, तिथे आलेला वेग पुढे लावता येत नाही. इगतपुरीला गाडी थांबते, घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासतात, मग १ इन ३७चा उतार, म्हंजे सदतीस फुटाला एक फूट खाली, तिथे गाडी जपून सोडतात. पंधरा-सोळा किलोमीटरला अर्धा तास सहज जातो. आणि पुढे कल्याणनंतर आणखी एक भानगड आहे. वेळेवर असलेली गाडी पहाटे चारच्या सुमाराला, लोकल नीट सुरू व्हायच्या आत निघून जाते. लेट झालेली गाडी नेमकी लोकलच्या गर्दीत सापडते, तिची जागा गेलेली असते, आता जिथे फट मिळेल तिथे घुसायचं. म्हणून मनमाडला सव्वा तास गेला तर दादरला सव्वाच तास उशीर असं होत नाही, पावणेदोन तासांपर्यंत जातो. तर ४:४५ची गाडी ६:२५ला. (कधी कधी उलटंही होतं, शेवटच्या टप्प्याला टाइमटेबलात जास्तीचा वेळ ठेवलेला असतो आणि उशीर भरून निघतो. तुम्हाला कथेत जे हवंय ते घ्या, दोन्ही खरं आहे.)

हा जो फरक आहे, त्याचं गणित बरोबर पण त्याला रस्ता माहीत नाही, तो कथेत कोणाच्याही तोंडून उघड करू नका. समोरच्या बर्थवरचा अनुभवी प्रवासी ‘अहो घाट आहे ना पुढे’ असं म्हणाला की संपलं. खान्देशातल्या वाचकाला ते आपोआप कळेल, बाकीच्यांना घाट आल्यावर कळेल.

तुम्ही म्हणाल आजकाल ॲप असतं, गाडी कुठंय आणि किती लेट आहे ते फोनवर दिसतं, मग बोटं आणि खांब कशाला. बरोबर आहे, आणि आजचा वाचक हे विचारणारच, त्यामुळे ॲप टाळू नका. ॲप त्याच्याकडे आहे, पण तो ते सारखं उघडून बघतोय म्हणूनच बॅटरी उतरलीये, आणि बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात हे त्याला पिन खोचल्यावर कळतं. अठरा टक्के. मग तो फोन बंद करून ठेवतो, उतरल्यावर लागेल म्हणून. घड्याळ काढून टाकू का असं तुम्ही विचारलंत ना, तर ते असं काढा, कथेच्या मधे आणि त्याच्याच हाताने.

तिसरी मोजणी नाशिक रोडनंतर. अडीच वाजून गेलेत, वडील परत विचारतात तोच प्रश्न, “कितला वाजनात रे?” आणि मुलगा खोटं सांगतो. “दीड वाजनं, झोपी जा.” इथे आकडा असा एकदाच येऊ दे, संवादात. खरा आकडा वाचकाला माहीत आहे. मुलगा खोटं का बोलला, वडिलांना झोप लागावी म्हणून, का उपासाचे तास कमी वाटावे म्हणून, का स्वतःलाच ऐकायचं होतं म्हणून, ते सांगू नका. पण वडिलांचा प्रश्न बदलू नका. पहिल्यांदा विचारला तसाच, त्याच शब्दांत. अहिराणी तुमची घरचीच असणार, तरी सांगतो, वडिलांच्या तोंडी ती थोडी आणि नेमकी ठेवा, आणि मुलगा वडिलांशी अहिराणीत आणि डब्यातल्या बाकीच्यांशी पुस्तकी मराठीत बोलतो एवढा फरक दिसला तरी पुष्कळ. कंसात अर्थ देत बसू नका, पुण्याच्या वाचकालाही कळतं.

चौथं ठिकाण इगतपुरी, ३:३५. इथे तो वजाबाकी करतच नाही, इथे दुसरं घड्याळ पुढे येतं. चहावाला डब्यातून जातो, खिडकीतून गारठा येतोय, वडील उठून बसलेत आणि कपाकडे बघतात. मुलगा म्हणतो, “नको, यांची तपासणी आहे.” साडेआठपासून सात तास झाले, अजून पाच काढायचेत, त्याने मनात लगेच मांडलं. चहावाला पुढे गेला. हे एवढंच. मुलाने जे केलं ते अगदी बरोबर आहे, डॉक्टरने सांगितलेलंच केलंय, आणि पुढच्या अर्ध्या तासात तेच अंगाशी येणार आहे.

घाटात पाचवं. बोगदे सुरू होतात, ब्रेकचा वास येतो, गाडी हळूहळू उतरतेय. फोन बंद. बाहेर खांब दिसत नाहीत. मोजायला काही साधनच नाही. आणि वडिलांच्या कपाळावर घाम आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चारला घाटात घाम! हात थरथरतायत, काहीतरी तुटक बोलतायत, शेतातल्या मोटारीचं. अर्धी भाकरी आणि पूर्ण गोळी, शुगर खाली आलीये. डायबेटिसवाल्या घरात ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात, तुमच्या माणसालाही माहीत असणार, त्यामुळे त्याला कळायला वेळ लावू नका, नाहीतर तो मूर्ख वाटेल. लगेच गोड द्यायला हवं हेही त्याला माहीत आहे. प्रश्न आहे तो गोड दिलं की तपासणी गेली, नंबर गेला, रजेचा दिवस गेला, परत एक रात्र मुंबईत काढायची किंवा परत एकदा हाच प्रवास. (हा भाग लिहून झाला की ओळखीच्या डॉक्टरला एकदा वाचायला द्या. गोळ्या वेगवेगळ्या असतात, सगळ्याच गोळ्यांनी शुगर अशी खाली येत नाही, त्यामुळे गोळीचं नाव लिहिणार असाल तर विचारूनच लिहा.)

आणि इथे त्याचं डोकं शेवटची वजाबाकी करतं, पण आता ती सकाळपर्यंतची नाही. पुढचा चहावाला कल्याणला. घाट उतरून कसारा, कसाऱ्याहून कल्याण अजून सदुसष्ट-अडुसष्ट किलोमीटर, तास-सव्वा तास. सकाळ दोन तासांवर आहे का तीन तासांवर याचं त्याला काही राहिलेलं नाही, तो मिनिटांत मोजतोय. माप तासावरून मिनिटांवर आलं, आणि कुठपर्यंत मोजायचं तेही बदललं. सगळी रात्र तुम्ही वाचकाला तासांची सवय लावली असेल तर इथे नुसता ‘सत्तर मिनिटं’ हा आकडा पुरतो, पुढे एकही विशेषण लागत नाही.

गोड कुठून येतं ते तुमच्यावर. मी असतो तर समोरच्या बर्थवरच्या बाईंना जागं केलं असतं. त्या जळगावपासून पाय पोटाशी घेऊन झोपल्यात, कथेत त्यांचं काही काम नाही असं वाटतंय. त्या पिशवीतून पेढा काढतात आणि विचारत नाहीत, सरळ वडिलांच्या तोंडात घालतात. मुलगा निर्णय घेतो असं दाखवायचा मोह होईल, तो सगळा ताण एका मोठ्या निर्णयावर आणून ठेवायचा. मला ते खोटं वाटतं. रात्रभर जो माणूस हिशोबच करत आलाय तो त्या मिनिटाला अजून हिशोबच करत असणार, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी हात पुढे केलेला असणार. पण तुमचा माणूस वेगळा असेल तर स्वतः देऊ दे, पिशवीतलं केळं असेल. फक्त ते केळं आधी एकदा दिसलेलं हवं, त्या क्षणाला पिशवीतून उगवायला नको.

पेढा गेला की दोन्ही घड्याळं एकदम निकामी होतात. उपास मोडला, म्हणजे साडेआठ वाजता काही नाही. रांगेत कितव्या नंबरवर उभं राहायचं याला अर्थ नाही. आणि गाडी मात्र लेट ती लेटच चाललीये, आता तिच्या उशिराचं कोणाला काही नाही. या जागेनंतर कथेत एकही मोजणी टाकू नका. वडील दहा-पंधरा मिनिटांनी जरा सावरतील, नीट बोलायला लागतील, आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारतील. मुलाने फोन चालू करावा आणि खरी वेळ सांगावी, उरलेले तास सांगू नयेत. एवढा एक संवाद पुरे.

मधे एक गोष्ट राहिली, मोजण्यांच्या मधल्या जागांची. तिथे तुम्ही बहुतेक आठवणी भरल्या असतील, आईचं आजारपण, शेत विकलं ते, बहिणीचं लग्न. गाडीतल्या कथेत हे फार होतं, खिडकीतून अंधार दिसला की फ्लॅशबॅक सुरू. आठवणी ठेवा पण त्या मोजणीतून निघू द्या. मागच्या वेळी तपासणीला आलो तेव्हा एकशे चाळिसावा नंबर होता, दुपारी दीडला परत पाठवलं, उद्या या म्हणाले. ही आठवण आली की रांगेचा आकडा नुसता आकडा राहत नाही, साडेपाचला उभं राहायचं याच्यामागे काय आहे ते कळतं. बहिणीचं लग्न या रात्रीत काही करत नाही, ते दुसऱ्या कथेला द्या. आणि डब्यातले आवाज वापरा, वेळ त्यांच्यातूनही कळते. गाडी लूपला घेतली की आधी डबा आडवा हलतो, रुळाचा ठेका मोडतो, मग उभी राहते आणि थोड्या वेळाने शेजारून दुसरी गाडी धडधडत निघून जाते. खिडकीशी बसलेल्याला तेवढ्यावरून कळतं की आपल्याला मागे टाकलंय.

आता शेवट. दादरला उतरतात आणि सूर्य उगवतो असं तुम्ही केलंय. महिना कुठला धरलाय? मे महिना असेल तर मुंबईत सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, म्हणजे ६:२५ला चांगलं उजाडलेलं असेल, ‘उगवताना’ दिसणार नाही. जानेवारी असेल तर सूर्योदय सव्वासातच्या आगेमागे, ६:२५ला दादरच्या प्लॅटफॉर्मवर ट्यूबलाइटच असणार. आणि जळगावचा माणूस आपल्या गावच्या उजेडाचा अंदाज घेऊन मोजतोय, मुंबई पश्चिमेला असल्यामुळे तिथे साधारण दहा मिनिटं उशिरा उजाडतं, गाडी रात्रभर त्याला सकाळपासून थोडी लांबच नेत होती. घामाची जागा टिकवायची तर जानेवारीच घ्या. म्हंजे सूर्य कथेतून आपोआपच गेला, तुम्हाला काढायला नको. ते उतरतात, अंधार आहे, लोकलची गर्दी सुरू झालीये, वडिलांना चहा हवाय, आणि तो या वेळी दोन सांगतो.

या पद्धतीने मधला भाग, मनमाड ते कसारा, परत लिहून बघा आणि तेवढाच टाका इथे, पूर्ण कथा नको. पहिला भाग बहुतेक तसाच चालेल, फक्त ती अर्धी भाकरी तेवढी विसरू नका.